कोकम सरबताच्या तीन फूट फळीचे काय करावे?

मलप्रभाकाठ

नमस्कार. खानापुरात आमचे किराणा मालाचे दुकान आहे. वडिलांच्या पश्चात मी आणि माझा धाकटा भाऊ ते चालवतो. गेला आठवडाभर आमच्या दोघांत एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे आणि तो केवळ मतांचा वाद राहू नये म्हणून मी आकडे घेऊन येथे आलो आहे.

काउंटरसमोर, डोळ्यांच्या उंचीवर, आमची एक तीन फुटांची फळी कोकम सरबताच्या बाटल्यांनी भरलेली असते. हे गोड सरबत आहे, पाण्यात घालून प्यायचे, ७५० मिलीची बाटली. सावंतवाडीकडचा एक लहान उत्पादक महिन्यातून एकदा गाडी पाठवतो. खरेदी ११२ रुपयांची, विक्री १६० ची, म्हणजे नगामागे ४८ रुपये सुटतात. गेल्या बारा महिन्यांत १०८ बाटल्या गेल्या, म्हणजे सरासरी महिन्याला नऊ. शेजारच्या तीन फुटांत पाव किलोची चहापूड आहे. ती ९९ ला येते, ११० ला जाते, पण महिन्याला १४० पुडे संपतात.

भावाचे म्हणणे असे की सरबत पूर्ण बंद करावे आणि ती जागा वेफर्स व फरसाणाला द्यावी. माझे मन होत नाही, कारण वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा थोडे अधिक उत्पन्न त्यातून मिळते आणि गोव्याकडे जाणारी गिऱ्हाइके ते आवर्जून मागतात. तिसरा मार्ग म्हणून मी १०० ग्रॅम जिऱ्याच्या पुडीबरोबर सरबताची जोडी करून २०० चा माल १७५ ला द्यावा असे म्हणतो. आज जूनची अखेर आहे आणि दुकानात २२ बाटल्या शिल्लक आहेत. त्यांवर नोव्हेंबरपर्यंतची मुदत छापलेली आहे.

---

तराजू_काटा

बंद करण्याचा प्रश्नच कोठे येतो, हे मला समजले नाही. चहापुडीत आपणास १० टक्के सुटतात आणि सरबतात ३० टक्के. आजच्या काळात किराणा मालात ३० टक्के देणारी वस्तू शोधून सापडत नाही. ज्या वस्तूत टक्का अधिक, ती वस्तू पुढे मांडावी आणि गिऱ्हाइकाला स्वतः सुचवावी, हा माझा २० वर्षांचा अनुभव आहे.

---

वडगावच्या_काकू

तराजू_काटा, नफ्याचा टक्का मोठा असला तर वस्तूला मान द्यावा हे आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे, पण टक्का फळीवर बसत नाही, बाटली बसते. दुकानात दोन गोष्टी मोजक्या असतात, एक जागा आणि दुसरी मालात अडकलेली रक्कम. वस्तूने त्या दोन्हींच्या बदल्यात महिन्याला किती रुपये दिले, एवढेच पाहायचे असते.

मलप्रभाकाठ यांच्याच आकड्यांवर पाहू. सरबताचे महिन्याला ९ गुणिले ४८, म्हणजे ४३२ रुपये. तीन फुटांत वाटले की फुटामागे १४४. चहापुडीचे १४० गुणिले ११, म्हणजे १,५४० रुपये, फुटामागे ५१३. टक्का तिप्पट असलेली वस्तू जागेच्या हिशोबात साडेतीन पटींनी मागे पडते. पैशांचेही तसेच आहे. सरासरी ३० बाटल्या पडून असतील तर ३,३६० रुपये अडकले आणि वर्षभरात साधारण साडेतीन वेळा फिरले. चहापुडीचे ७० पुडे शिल्लक असतात असे धरले तर ते पैसे वर्षाला २४ वेळा फिरतात.

मात्र यावरून धाकट्या भावाचे म्हणणे खरे ठरले असे मी म्हणणार नाही, कारण हा हिशोब येथे थांबवला तर तो फसवतो. मला दोन गोष्टी सांगा. पहिली, या १०८ बाटल्या कोणत्या महिन्यात किती गेल्या? दुसरी, वर्षभरात किती बाटल्या फुटल्या, गळल्या किंवा मुदत संपून टाकाव्या लागल्या?

---

सह्याद्री_वारा

आमच्या घरी सोलकढी बाराही महिने होते, त्यामुळे कोकम खपत नाही हे मला पटत नाही. नारळाच्या दुधाचे पाकीट आणि कोकम अशी जोडी केली तर नक्की जाईल.

---

मलप्रभाकाठ

सह्याद्री_वारा, आपण म्हणता ते आगळ. त्यात साखर नसते आणि ते मिठाचे असते. माझ्याकडे आहे ते साखरेचे सरबत, त्याची सोलकढी होणार नाही. आगळ ठेवण्याचा विचार मी कधी केला नव्हता, तो वेगळा लिहून ठेवला आहे.

काकू, बिलाच्या संगणकातून महिनावार आकडे काढले. फेब्रुवारीत ९, मार्चमध्ये १६, एप्रिलमध्ये २४ आणि मेमध्ये २८. जूनमध्ये ६. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर प्रत्येकी २. ऑक्टोबरमध्ये ६, नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये चार-चार, जानेवारीत ५.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला स्वतः फळीपाशी जावे लागले. पुढची रांग स्वच्छ होती, कारण ती आम्ही रोज पुसतो. मागच्या रांगेतल्या बाटल्यांच्या गळ्यावर धुळीचे कडे बसले होते. एका बाटलीचे झाकण सैल असल्याने खाली चिकट गोल डाग पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. दारातून ऊन जेथे पडते तेथल्या तीन बाटल्यांचा लाल रंग उतरून तपकिरी झाला आहे. लक्षात आले ते असे, की नवा माल आला की मुलगा तो पुढे लावतो आणि जुना मागेच राहतो. वर्षभरात अशा ५ बाटल्या टाकल्या, म्हणजे ५६० रुपये. हा आकडा मी याआधी कधीच मांडला नव्हता.

---

वडगावच्या_काकू

आता चित्र स्पष्ट झाले. १०८ पैकी ७७ बाटल्या फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत गेल्या आणि उरलेल्या आठ महिन्यांत मिळून केवळ ३१. म्हणजे आपल्या फळीवर एक वस्तू नाही, दोन आहेत. उन्हाळ्यातले सरबत फुटामागे महिन्याला ३०८ रुपये देते आणि बाकीच्या दिवसांतले ६२. वर्षाची सरासरी १४४ काढली की दोन्ही झाकले जातात, चांगल्यावर अन्याय होतो आणि वाईटाला संरक्षण मिळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपण वस्तू ठेवावी की काढावी असे विचारता, परंतु त्याआधीचा प्रश्न हा आहे की तिला तीन फूट दिलेच कोणी? आपल्या फळीवर एका फुटात रुंदीला तीन आणि खोलीला चार बाटल्या बसत असतील, म्हणजे बारा, म्हणजे बरोबर एक खोके. ज्या वस्तूच्या महिन्याला दोन किंवा चार बाटल्या जातात आणि गाडी महिन्याला येते, तिला एक फूटसुद्धा जास्त होतो. मेमध्ये २८ जातात, तेव्हा अडीच-तीन फूट योग्यच आहेत. गाडीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये जेवढा माल खपतो तेवढा आणि वर तीन-चार नग, एवढीच जागा वस्तूची असते. जागा कमी केली की फुटामागचे उत्पन्न वस्तू न बदलताच वाढते.

म्हणून माझे मत असे, की आजच बंद करू नका आणि आजच जोडीही करू नका. आधी तीन फुटांचा एक फूट करा, तोही खालच्या फळीवर, उन्हापासून दूर आणि जुना माल पुढे लावून.

---

निपाणीतला_चपलांचा_दुकानदार

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे पुरुषांच्या ११ नंबरच्या चपला वर्षाला फार तर चार जोड जातात, पण त्या काढल्या तर ११ नंबरचे गिऱ्हाईक घरच्या सगळ्यांची खरेदी दुसरीकडे करते, असा माझा अनुभव आहे. मंद माल म्हणून काढायला गेलो आणि एका लग्नघराची मोठी खरेदी गमावली. उरलेला माल कंपनीला परत कसा करावा, याविषयी कोणी सांगेल का?

---

वडगावच्या_काकू

आपला प्रश्न थोडा निराळा आहे, भाऊ. ११ नंबर ही स्वतंत्र वस्तू नाही, ती एका संचातला नग आहे, तो नसला तर संच अपुरा पडतो. परत करण्याचे म्हणाल तर ते खरेदीच्या वेळीच बोलून ठेवावे लागते, माल विकला न गेल्यावर नाही. पण आपण मलप्रभाकाठ यांना एक उपयोगी प्रश्न दिला आहे. सरबत घेणारे गिऱ्हाईक आणखी काय घेते? सरबत नसल्यामुळे ते दुकानात आलेच नाही, असे होऊ शकते का?

---

मलप्रभाकाठ

एप्रिलची बिले पाहिली. २४ बाटल्या १९ बिलांवर गेल्या होत्या. त्यांपैकी ११ बिलांवर केवळ सरबत होते किंवा सरबताबरोबर पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा. हे बहुधा गोव्याच्या रस्त्याने जाणारे असावेत. उरलेल्या ८ बिलांवर घरचा किराणा होता आणि त्यांतली सहा घरे आमची नेहमीची आहेत.

---

तराजू_काटा

मग तर माझेच खरे झाले. ११ वाटसरू सरबतामुळे आले. सरबत गेले की ते अकरा गेले आणि सहा घरेही नाराज होतील.

---

वडगावच्या_काकू

बिलावर सरबत होते यावरून सरबतासाठी आले हे सिद्ध होत नाही. तहान लागली म्हणून गाडी थांबवली आणि समोर लाल बाटली दिसली म्हणून घेतली, असेही असू शकते. नेहमीच्या सहा घरांच्या बाबतीत मला असे वाटते, की दर महिन्याचा किराणा उचलणारे घर वर्षातून एक-दोन बाटल्यांसाठी दुकान बदलत नाही. तरीही हे मी अनुभवावरून सांगते आहे, बिलांवरून नाही. पुढच्या उन्हाळ्यात काउंटरवर बसणाऱ्या मुलाला एवढेच सांगा, की कोणी आत येताच पहिल्या वाक्यात सरबत मागितले तर वहीत एक रेघ मारायची आणि इकडेतिकडे पाहून मग घेतले तर दुसऱ्या बाजूला. त्या दोन रेघोट्यांच्या संख्येतून जे कळेल ते बिलातून कळणार नाही.

---

धाकटी_पाती

मी मलप्रभाकाठ यांचा धाकटा भाऊ. दादाने दुवा पाठवला म्हणून सभासद झालो. काकूंचा हिशोब मला मान्य आहे, परंतु त्यांनीच काढलेला ५१३ रुपयांचा आकडा मला पुढे न्यायचा आहे. चहापूड फुटामागे ५१३ देते आणि सरबत उन्हाळा सोडून बाकीच्या दिवसांत ६२. मग मोकळे होणारे दोन फूट सरळ चहापुडीला दिले तर महिन्याला १,००० रुपये वाढायला हवेत. वेफर्सचा माझा आग्रह मी सोडायला तयार आहे.

---

वडगावच्या_काकू

आपण आलात हे फार चांगले झाले. पण येथेच पुष्कळ दुकानदार चुकतात आणि मीही पूर्वी चुकले आहे. चहापूड पाच फुटांत पसरली म्हणून खानापूरची माणसे अधिक चहा पिणार नाहीत. १४० पुडे तीन फुटांत जातात, ते पाच फुटांतही १४० किंवा फार तर १४५ जातील. त्या वाढीव दोन फुटांचे उत्पन्न ५१३ नाही, पाच पुड्यांचे ५५ रुपये आहे, तेही दोन्ही फुटांचे मिळून. तीन फुटांत पुडे संपून फळी रिकामी दिसत असेल आणि गिऱ्हाईक परत जात असेल, तरच चहापुडीला जागा वाढवण्यात अर्थ आहे. तसे कधी होते का?

म्हणून मंद वस्तूची तुलना दुकानातल्या सर्वांत चांगल्या वस्तूशी करायची नसते. त्या जागेवर नव्याने येणारी वस्तू आज आहे त्यापेक्षा किती जास्त देईल, याच्याशी करायची असते. वेफर्सची पाकिटे तर दोरीवर लटकवता येतात, त्यांना फळी कशाला? खानापूरच्या पावसात, वीज जाते-येते तेव्हा, लोक काय मागतात ते आठवून पाहा.

---

धाकटी_पाती

चहापूड कधी संपलेली नाही. पावसाळ्यात मेणबत्त्या, काड्यापेट्या, डासांच्या कॉइल आणि धूप यांची मागणी असते. त्या आम्ही काउंटरच्या मागे ठेवतो आणि मागितल्यावर काढून देतो.

---

करांची_वही

मी चिकोडीला करसल्लागारांच्या कार्यालयात काम करतो, म्हणून केवळ जोडीच्या करापुरते लिहितो. दोन वेगळ्या दरांच्या वस्तू एका किमतीला बांधून दिल्या आणि त्या स्वभावतः एकत्र विकल्या जाणाऱ्या नसतील, तर जीएसटीत तो मिश्र पुरवठा समजला जातो आणि संपूर्ण किमतीवर दोघांपैकी जास्त असलेला दर लागतो. कमी दराची वस्तू जास्त दराच्या वस्तूबरोबर बांधली तर सवलत देऊनही वर कराचा भार येतो. दोन्ही वस्तूंच्या किमती बिलावर वेगवेगळ्या लिहून वेगवेगळ्या विकल्या, तर हा प्रश्न सहसा येत नाही. आपण नियमित नोंदणीत आहात की लहान व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेमध्ये?

---

मलप्रभाकाठ

कंपोझिशनमध्ये आहोत.

---

करांची_वही

मग आपण करपात्र मालाच्या उलाढालीवर एक टक्का भरता आणि वस्तूच्या दराचा फरक आपल्याला जोडीपुरता जाचत नाही. मात्र खरेदीवर भरलेला कर आपल्याला परत मिळत नसल्याने ११२ हा करासह पूर्ण खर्च धरावा आणि १६० वर एक टक्का, म्हणजे १ रुपया ६० पैसे, वजा करावा. नगामागे खरे तर ४६ रुपये ४० पैसे सुटतात. नियमित नोंदणीतल्या वाचकांनी खरेदी आणि विक्री या दोन्ही किमतींतून कर काढून मगच नफ्याचा हिशोब करावा. कित्येक जण विक्री करासह आणि खरेदी कराशिवाय धरतात आणि नसलेला नफा मोजतात.

---

मलप्रभाकाठ

ही चूक माझी झाली, दुरुस्त करून घेतो. निर्णय त्याने बदलत नाही. आता जोडीबद्दल काकूंचे मत ऐकायचे आहे. जिऱ्याच्या पुडीत आम्हाला ८ रुपये सुटतात. दोन्ही मिळून ५६ होतात, त्यातून २५ ची सूट दिली तरी ३१ उरतात. म्हणजे तोटा तर नाही.

---

वडगावच्या_काकू

तोटा असा बिलावर दिसत नाही. जिरे आपले रोजच खपते. जो माणूस जोडी घेईल तो जिरे नाहीतरी घेणारच होता, म्हणून जिऱ्याचे ८ रुपये जोडीच्या श्रेयात धरता येणार नाहीत. २५ रुपयांची सूट पूर्णपणे सरबतावर पडते आणि ४८ चे २३ उरतात. आज महिन्याला नऊ बाटल्यांतून जे ४३२ मिळतात तेवढेच मिळवायला जोडीच्या १९ बाटल्या जायला हव्यात, म्हणजे खप दुपटीहून अधिक. पावसाळ्यात दोन बाटल्या जाणाऱ्या वस्तूचा खप जिऱ्याने वाढेल असे मला वाटत नाही आणि मेमध्ये जी २८ माणसे पूर्ण किमतीला घेतात त्यांना २५ रुपये परत करण्याचे कारण नाही. जिरे आणि सरबत यांचा एकमेकांशी काही संबंधही नाही. ज्याला सरबत नको त्याला ते जिऱ्याबरोबरही नकोच असते.

आता याच सवलतीची दुसरी बाजू पाहा. आपल्याकडे २२ बाटल्या आहेत. मागच्या वर्षीच्या आकड्यांप्रमाणे जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत १२ जातील. १० उरतील आणि नोव्हेंबरमध्ये टाकाव्या लागतील. बारा बाटल्या पूर्ण किमतीला गेल्या तर हातात १,९२० रुपये येतात. सर्व २२ ना २५ ची सूट दिली आणि सगळ्या गेल्या तर २,९७० येतात. पंधरा जरी गेल्या तरी २,०२५ होतात, म्हणजे सवलत पदरात पडते. चौदाच गेल्या तर मात्र आपण हरलो. येथे ११२ खरेदी विसरायची, ते पैसे गेलेले आहेत. नेहमीच्या विक्रीवर जी सूट तोट्याची, तीच मुदत जवळ आलेल्या मालावर फायद्याची ठरू शकते.

त्याहून बरा मार्ग म्हणजे सूट सर्वांना न देता केवळ जादा दहा बाटल्यांवर, आणि सरबत एरवी न घेणाऱ्यांना देणे. गणपतीच्या दिवसांत मुंबई-पुण्याचे लोक गावी येतात आणि घरोघर मोठी बिले होतात. हजाराच्या पुढच्या बिलाला ही बाटली १२० ला, असे तोंडी सांगा आणि मुदत नोव्हेंबरची आहे हेही सांगा. रंग उतरलेल्या तीन बाटल्या मात्र कोणालाही देऊ नका.

एक विचारते, जूनमध्ये २२ बाटल्या उरल्याच कशा?

---

मलप्रभाकाठ

मेच्या अखेरीस उत्पादकाने २४ वर २ मोफत अशी स्कीम दिली होती. नगामागे साडेआठ रुपये वाचले म्हणून मी दोन खोकी उतरवली.

---

वडगावच्या_काकू

तेथेच गाठ आहे. स्कीममध्ये मिळून सव्वादोनशे रुपये वाचले आणि टाकाव्या लागणाऱ्या दहा बाटल्यांत हजारावर अडकले. वस्तू जेवढी मंद आहे त्याहून ती मेच्या खरेदीने अधिक मंद झाली. हंगाम संपताना येणारी स्कीम ही देणाऱ्याचा माल आपल्या फळीवर हलवण्यासाठी असते. त्यात त्याचा दोष नाही, त्यालाही पावसाळा दिसत असतो.

---

तराजू_काटा

काकू, आपला हिशोब मला पटला, हे मोकळेपणाने लिहितो. तरी एक शंका राहते. डोळ्यांच्या उंचीवरून खालच्या फळीवर गेलेली वस्तू आणखी कमी खपणार. मग तीन महिन्यांनी आपण म्हणणार की पाहा, खप कमी झाला, आता काढून टाका. आपणच तिला खाली ढकलले आणि आपणच तिला दोष दिला, असे होणार नाही का?

---

वडगावच्या_काकू

ही शंका रास्त आहे आणि माझ्यापाशी तिचे पूर्ण उत्तर नाही. पावसाळ्यात महिन्याला दोन बाटल्यांचा खप आहे. तो दोनाचा एक झाला की तीन झाला, यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण एक गिऱ्हाईक आले की आकडा दीडपट होतो. इतक्या लहान संख्येवर फळी बदलल्याचा परिणाम मोजता येत नाही. म्हणून पावसाळ्यातली चाचणी सरबताची करायची नाही, तिच्या जागी आलेल्या मालाची करायची. सरबताची खरी चाचणी मार्च-एप्रिलमध्येच होईल.

---

मलप्रभाकाठ

ऑगस्ट संपला म्हणून कळवतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरबताला खाली एक फूट दिला आणि मोकळ्या दोन फुटांत कॉइल, मेणबत्त्या, काड्यापेट्या आणि धूप मांडले. या चौघांत मिळून महिन्याला सरासरी ६४० रुपये सुटले. मी आनंदाने ६४० भागिले २ असे लिहिणार होतो, परंतु भावाने आठवण करून दिली, की हाच माल काउंटरमागे असतानाही मागच्या पावसाळ्यात महिन्याला ३८० रुपये देत होता. वाढ २६० ची आहे, फुटामागे १३०. उन्हाळ्याबाहेरच्या सरबताच्या ६२ च्या दुप्पट, पण चहापुडीच्या ५१३ च्या जवळपासही नाही. यंदा पाऊसही जास्त झाला, तेव्हा त्यातले फळीचे किती आणि पावसाचे किती, हे मला वेगळे करता येत नाही.

सरबत जुलैमध्ये ३ आणि ऑगस्टमध्ये २ गेले. रंग उतरलेल्या तीन बाटल्या टाकल्या. आता १४ उरल्या आहेत. गणपतीच्या याद्या यायला लागल्या आहेत आणि मोठ्या बिलांना १२० ची बाटली सांगायला आज सकाळपासून सुरुवात केली. पहिल्या चार घरांपैकी एकाने घेतली.

---

धाकटी_पाती

माझे मत अजूनही असे आहे, की जून ते जानेवारी एक फूटसुद्धा ठेवू नये. कपाटात सहा बाटल्या ठेवाव्यात आणि मागितल्यावर द्याव्यात. दादाचे म्हणणे, की जे दिसत नाही ते कोणी मागत नाही. यावर आमचे एकमत झालेले नाही. एक गोष्ट मात्र ठरली आहे, की उत्पादकाशी फेब्रुवारीच्या आधी बोलायचे. किमान दोन खोक्यांची अट काढून एक खोके द्यावे आणि मुदतीला तीन महिने उरलेला माल बदलून द्यावा, या दोन गोष्टी मान्य झाल्या तरच मेपर्यंत तीन फूट त्यांचे. मी काल फोन केला. एका खोक्याला ते तयार आहेत, बदलून देण्याचे विचार करून सांगतो म्हणाले.

---

वडगावच्या_काकू

एका खोक्याची गोष्ट झाली हेच मोठे काम झाले. बदलून देण्याला तो नाही म्हणाला तर नगामागे तीन-चार रुपये कमी मागा. वर्षाला पाच बाटल्या टाकण्याचे ५६० रुपये १०८ नगांवर वाटले तर नगामागे पाच रुपये होतात, तेव्हा तीन-चारची मागणी अवास्तव नाही. आणि आगळाची एक-दोन बाटल्यांची चाचणी त्याच खालच्या फुटात घेतलीत तर आकडे येथे नक्की लिहा. वडगावात मी ते वर्षभर ठेवते, परंतु माझी गिऱ्हाइके आणि खानापूरची गिऱ्हाइके एकसारखी असतीलच असे नाही.